तिकीट बुकिंगची वेबसाइट कशी पारखावी : दाखवलेला दर, भरलेला दर आणि परत आलेले पैसे

परभणीतून बाहेर पडायचं म्हटलं की आधी मोबाइल हातात घ्यावा लागतो. मुंबईला देवगिरी, नंदीग्राम किंवा तपोवन, दिल्लीकडे सचखंड, पुण्याला रात्रीची ट्रॅव्हल्स, आणि विमान पकडायचं तर नांदेड, छत्रपती संभाजीनगर नाहीतर थेट हैदराबाद. हे सगळं आता एकाच अॅपवर मिळतं. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी दहा मिनिटांत तिकीट काढून देते आणि अब्बा विचारतात, "अरे, पाच हजार चारशे म्हणत होतास ना? खात्यातून सहा हजारांच्या वर कसे गेले?" याचं उत्तर बहुतेक वेळा घरात कोणालाच नीट देता येत नाही.

या लेखात कोणत्या वेबसाइटला किती तारे द्यायचे हे आम्ही सांगणार नाही. असे तारे सहा महिन्यांत शिळे होतात, आणि त्यातले बरेच पैसे देऊन लावलेले असतात. कुठलीही बुकिंग साइट तुम्ही स्वतः कशी तपासायची, हे आम्ही इथे मांडतो. त्यासाठी तीन आकडे लिहून काढायचे. पहिल्या पानावर दिसलेला, पैसे भरताना दिसलेला आणि तिकीट रद्द केल्यावर परत आलेला. या तीन आकड्यांमध्ये किती अंतर आहे, त्यावरून साइटचा प्रामाणिकपणा कळतो. चौथी गोष्ट म्हणजे कस्टमर केअर. तिची पारख अडचण येण्याच्या आधीच करून ठेवावी लागते.

5,400 चे 6,308 कसे होतात

हिशोब समजावा म्हणून गोल आकडे घेऊ. संभाजीनगर ते दिल्ली एका माणसाचं विमानाचं तिकीट साइटवर 5,400 रुपयांना दिसतंय. यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून 4,400 आणि विमानतळाचे शुल्क, कर वगैरे 1,000. इथपर्यंत ठीक आहे.

पुढच्या पानावर सीट निवडायला सांगतात. मधली सीट फुकट असते, पण तो पर्याय खाली बारीक अक्षरांत असतो, आणि 250 रुपयांची सीट आधीच निवडलेली दिसते. त्याच्या पुढे प्रवास विमा 249 रुपये. मग दानाचे 10 रुपये, तेही खूण करूनच ठेवलेले. शेवटी पैसे भरायच्या पानावर Convenience Fee या नावाने 399 रुपये. बेरीज केली तर 908 रुपये वाढले. 5,400 चे 6,308 झाले, म्हणजे जवळपास 17 टक्के जास्त. घरातले चौघे जात असतील तर 3,632 रुपये, आणि परतीचं तिकीटही सोबत असेल तर ही फी दोन्ही बाजूंना माणशी लागते की बुकिंगला एकदाच, हे साइटनुसार बदलतं.

यातल्या 399 ची खरी गंमत अशी की बऱ्याच साइटवर त्याच पानावर 400 रुपयांचा कूपन कोड असतो. कोड टाकला की माणूस खुश होतो, चारशे वाचले म्हणतो. प्रत्यक्षात साइटने एका हाताने लावलेली फी दुसऱ्या हाताने काढलेली असते. शिवाय त्या कोडसोबत कधी कधी अट येते की तिकीट रद्द झालं तर सवलतीची रक्कम रिफंडमधून कापली जाईल. म्हणजे सूट प्रवास केला तरच, पण फी मात्र कायमची.

या प्रकाराला आपल्या कायद्यात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे सीसीपीएने, 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला गोंधळात टाकून त्याच्याकडून नको ते करून घेणाऱ्या 13 युक्त्या त्यात नमूद आहेत. दर आधी कमी दाखवून पुढे थेंबाथेंबाने वाढवत नेणं म्हणजे ड्रिप प्रायसिंग. न विचारता टोपलीत विमा किंवा दान टाकणं म्हणजे बास्केट स्नीकिंग. "फक्त 1 सीट उरली" असं खोटं सांगून घाई करायला लावणं म्हणजे फॉल्स अर्जन्सी. आणि विमा नको म्हणताना तुमच्याकडून "मी असुरक्षित राहीन" अशा अर्थाचं वाक्य दाबून घेणं म्हणजे कन्फर्म शेमिंग. हे शेवटचं उदाहरण आम्ही रचलेलं नाही, मार्गदर्शक तत्त्वांमध्येच विमान तिकिटाच्या संदर्भात तसं उदाहरण दिलेलं आहे.

आधीपासून खूण केलेली चौकट तर त्याहूनही जुनी चूक. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ग्राहकाची संमती त्याने स्वतः खूण करून द्यायची असते, आपोआप केलेली खूण संमती धरता येत नाही. त्याच नियमांत असंही आहे की वस्तू किंवा सेवेची एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी आणि सोबत तिची फोड द्यावी, सक्तीचे सगळे आकार धरून.

"1 सीट उरली" याबद्दल मात्र थोडं सावध बोललं पाहिजे, कारण ते दरवेळी खोटं नसतं. विमान कंपन्या एकाच विमानातल्या सीट वेगवेगळ्या दरांच्या कप्प्यांत विकतात. साइट म्हणते तेव्हा बहुधा त्या दराच्या कप्प्यात एक सीट राहिलेली असते, पूर्ण विमानात नव्हे. खरंखोटं पाहायचं असेल तर तीच तारीख विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकून बघा. आणि त्याच साइटवर एकाऐवजी चार प्रवासी टाकून बघा. चौघांना तोच दर मिळाला तर "1 सीट" ही थाप होती.

तपासायची रीत साधी आहे. कोणतीही साइट पहिल्यांदा वापरताना पैसे भरायच्या पानापर्यंत जा, पण पैसे भरू नका. वाटेत प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या. शेवटच्या पानावर Fare Breakup किंवा तशाच नावाची ओळ असते, ती उघडा आणि प्रत्येक रक्कम कशाची हे पाहा. मग तेच विमान कंपनीच्या साइटवर पैसे भरायच्या पानापर्यंत नेऊन बघा. कंपन्यासुद्धा फी लावतात, त्या काही दुधाने धुतलेल्या नाहीत. म्हणून तुलना पहिल्या पानाची पहिल्या पानाशी नको, शेवटच्या पानाची शेवटच्या पानाशी करायची.

रेल्वेचं तिकीट : इथे फी किती असावी हे ठरलेलं आहे

विमानाच्या मानाने रेल्वेत बरंच सोपं आहे. भाडं रेल्वे ठरवते, म्हणून कोणती साइट महाग हे लगेच उघडं पडतं. फरक असतो तो फक्त वरच्या आकारांचा.

आयआरसीटीसीच्या स्वतःच्या साइटवर यूपीआयने पैसे भरले तर बिगर-एसी तिकिटाला 10 रुपये आणि एसीला 20 रुपये सुविधा शुल्क आहे. कार्ड किंवा नेट बँकिंगने भरले तर तेच 15 आणि 30. त्यावर 18 टक्के जीएसटी. हे शुल्क माणशी नाही, एका तिकिटाला आहे. म्हणजे चौघांचं एकत्र थर्ड एसीचं तिकीट यूपीआयने काढलं तर 23 रुपये 60 पैसे. प्रवास विमा हवा असेल तर माणशी 45 पैसे. हो, पैसेच.

खासगी अॅप हे आयआरसीटीसीचे एजंट म्हणून काम करतात. एजंटने किती घ्यायचं हेही आयआरसीटीसीने ठरवून दिलं आहे. स्लीपरसारख्या बिगर-एसी तिकिटाला 20 रुपये, एसीला 40 रुपये, अधिक जीएसटी. शिवाय पैसे भरण्याचा गेटवे आकार 2,000 रुपयांपर्यंत पाऊण टक्का आणि त्यावर एक टक्का. समजा परभणी-मुंबई थर्ड एसी चौघांचं भाडं गोल 4,000 धरलं. आयआरसीटीसीवर ते विम्यासकट साधारण 4,025 ला पडतं. खासगी अॅपवर अधिकृत आकार धरून शंभर-सव्वाशे रुपये वर जातात. एवढ्यात अॅप सोपं वाटत असेल, वेटिंग कन्फर्म होईल का याचा अंदाज मिळत असेल, तर ते द्यायला हरकत नाही. पण वरचा आकार यापेक्षा मोठा दिसला तर त्यात काहीतरी तुम्ही न मागितलेलं घुसलं आहे, असं समजा.

बहुतेक वेळा ते असतं 'फ्री कॅन्सलेशन'. नाव फुकट, पण त्याचे पैसे लागतात. याचा हिशोब एकदा नीट करून बघू. थर्ड एसीचं कन्फर्म तिकीट पुरेसं आधी रद्द केलं तर 2015 च्या रिफंड नियमांप्रमाणे माणशी 180 रुपये कापतात, स्लीपरला 120, सेकंड एसीला 200. एसी वर्गाच्या कपातीवर जीएसटी. चौघांचे 720, जीएसटी धरून 756. आता अॅपने फ्री कॅन्सलेशनचे माणशी 150, म्हणजे 600 मागितले असं समजा. 756 वाचतील की नाही हे माहीत नसताना आज 600 द्यायचे. तिकीट रद्द होण्याची शक्यता दहात आठ असेल तरच हा सौदा जेमतेम परवडतो, आणि ज्याचं जाणं दहात आठ वेळा रद्द होतं त्याने तिकीट घाईने काढूच नये.

मात्र एक बाजू खरी आहे. गाडी सुटायची वेळ जवळ आली की रेल्वेची कपात भाड्याच्या 25 टक्के आणि मग 50 टक्के होते. आमच्या उदाहरणात ते 1,000 आणि 2,000 रुपये झाले. कोर्टाची तारीख, दवाखान्याची भरती, आखाती देशातून येणाऱ्या भावाची सुट्टी अशी शेवटच्या घटकेला बदलणारी गोष्ट असेल तर 600 रुपये देणं समजण्यासारखं आहे. पण त्यात दोन गोष्टी आधी वाचा. सवलत चार्ट लागेपर्यंतच चालते का, आणि पैसे बँक खात्यात येतात की अॅपच्या पाकिटात. चार्ट आता पूर्वीपेक्षा आधी लागतो आणि टक्केवारीच्या वेळा रेल्वे अधूनमधून बदलते. म्हणून रद्द करण्याआधी त्या दिवशीचा नियम आयआरसीटीसीवर बघूनच बटण दाबा.

सुविधा शुल्क मात्र कुठेच परत येत नाही. रेल्वेने स्वतः गाडी रद्द केली तरी भाडं पूर्ण येतं, शुल्क राहून जातं.

इथे एक आडवी गोष्ट सांगून टाकतो. स्टेशन रोडला किंवा तालुक्याच्या गावात काही दुकानदार आपल्या वैयक्तिक आयआरसीटीसी आयडीवरून लोकांची तिकिटं काढून जादा पैसे घेतात. वैयक्तिक आयडी हा स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी असतो. त्यावरून धंदा करणं रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली गुन्हा आहे आणि पकडलं गेलं तर तिकीट बाद होऊ शकतं, प्रवासी उघड्यावर पडतो. अधिकृत एजंटच्या तिकिटावर त्याच्या एजन्सीचं नाव छापलेलं असतं. ते बघून घ्या.

ट्रॅव्हल्सची बस

बसबद्दल थोडक्यात. इथे अॅप फक्त मधला माणूस आहे. दर आणि रद्द करण्याचे नियम बहुधा बसमालकाचे असतात. एकाच रात्रीच्या परभणी-पुणे दोन बसचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून सीट निवडण्याआधी त्या बसचा Cancellation Policy उघडून बघा, अॅपचा सर्वसाधारण नियम नव्हे. दुसरं, ईद, दिवाळी, शाळांच्या सुट्ट्या आल्या की दर दुप्पट-तिप्पट होतात. महाराष्ट्र शासनाच्या 27 एप्रिल 2018 च्या निर्णयाप्रमाणे खासगी कंत्राटी बसने त्याच प्रकारच्या एसटी बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. एसटीचं भाडं माहीत करून त्याला दीडने गुणा. दर त्याच्या वर असेल तर स्क्रीनशॉटसह आरटीओकडे तक्रार करता येते. बसचं तिकीट अॅपवर काढलं म्हणून ही मर्यादा उठत नाही.

'नॉन-रिफंडेबल' म्हणजे शून्य नव्हे

लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी माहितीही इथेच आहे. स्वस्त विमान तिकिटावर 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेलं असतं. जाणं रद्द झालं की माणूस म्हणतो, गेले पैसे, आणि तिकीट रद्दसुद्धा करत नाही.

हवाई वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम वेगळं सांगतो. तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा विमान चुकलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क प्रवाशाला परत करायचे. ऑफरचं तिकीट असो किंवा मूळ भाडं परत न मिळणारं असो, हे लागू आहे. कारण तो पैसा विमान कंपनीचा नाहीच. प्रवासी विमानतळावर गेलाच नाही तर त्याच्या नावाचं विमानतळ शुल्क कंपनी कोणत्या तोंडाने ठेवून घेणार? त्याच नियमात दुसरी मर्यादा आहे. कंपनीचं रद्द शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असू शकत नाही.

आपलं 5,400 चं तिकीट पुन्हा घेऊ. कंपनीचं रद्द शुल्क 3,999 आहे. कंपनीकडून 1,401 परत यायला हवेत. बुकिंग साइट त्यातून आपलं 300 रुपये 'सेवा शुल्क' कापते. हातात 1,101. भरलेले होते 6,308. म्हणून तिसरा आकडा आधी बघा म्हणतो. बुकिंग करतानाच कंपनीचं शुल्क किती आणि साइटचं स्वतःचं किती, हे वेगवेगळं दाखवणारी साइट त्यातल्या त्यात खरी. दोन्ही एकत्र करून एकच मोठा आकडा दाखवणाऱ्या साइटवर तुम्हाला कधीच कळत नाही की कोणी किती खाल्लं.

आता स्वस्त तिकीट घ्या. एकूण 3,700, त्यात कर आणि विमानतळ शुल्क 900. रद्द शुल्क 3,999 लिहिलेलं आहे. साइट वजाबाकी करते, उत्तर शून्याखाली येतं, आणि पडद्यावर 'रिफंड 0' दिसतं. हे उत्तर चूक आहे. शुल्काची मर्यादा 2,800 च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि 900 मधला जो सरकारी कर आणि विमानतळ शुल्काचा भाग आहे तो परत यायलाच हवा. अशा वेळी साइटला आणि विमान कंपनीला दोघांनाही ईमेल करा, पीएनआर द्या आणि एवढंच लिहा की वैधानिक कर आणि विमानतळ शुल्काचा परतावा द्यावा. तिकीट विमान सुटण्याआधी रद्द केलेलं असेल तर काम सोपं जातं, म्हणून जायचं नाही हे ठरलं की शून्य दिसत असलं तरी रद्द करून टाका.

दोन गोष्टी अजून. रिफंड अॅपच्या पाकिटात किंवा क्रेडिट म्हणून ठेवायचा की खात्यात घ्यायचा, हे डीजीसीएच्या नियमाप्रमाणे प्रवाशाने ठरवायचं असतं. पर्याय आधीच 'पाकीट' वर लावलेला असेल तर बदला. आणि तिकीट एजंट किंवा साइटवरून काढलं असलं तरी रिफंडची जबाबदारी विमान कंपनीवर राहते, कारण एजंट हा तिने नेमलेला माणूस आहे. "साइटला विचारा", "कंपनीला विचारा" हा चेंडू इकडून तिकडे टोलवला जातो तेव्हा हे वाक्य उपयोगी पडतं.

या नियमाची हद्दही सांगायला हवी. उमराहसाठी किंवा नोकरीसाठी आपले लोक जेद्दा, रियाध, दुबईला परदेशी कंपन्यांच्या विमानाने जातात. परदेशी कंपन्यांनी त्यांच्या देशाच्या नियमांप्रमाणे रिफंड द्यायचा, असं डीजीसीएच्या नियमातच म्हटलं आहे. म्हणून तिथे वरचा हिशोब जसाच्या तसा लावता येत नाही. तिकीट काढण्याआधीच त्या कंपनीच्या साइटवर त्या दराचे नियम वाचावे लागतात. टूरवाल्याच्या गटातलं तिकीट असेल तर त्याच्याकडून रद्द करण्याची अट लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना.

यात्राचं प्रकरण

रिफंड अडकला तर किती वर्षं अडकू शकतो, याचा सरकारी कागदावरचा नमुना आहे. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि विमानं बंद झाली. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवासी लीगल सेलच्या याचिकेवर लॉकडाऊन काळातल्या तिकिटांचे पैसे परत करण्याचा निकाल दिला. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांचे पैसे कंपनीने एजंटला आणि एजंटने लगेच प्रवाशाला द्यायचे, असं त्यात ठरलं.

तरीही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारी येत राहिल्या. सीसीपीएने यात्रा या बुकिंग कंपनीची स्वतःहून दखल घेतली. 2021 मध्ये तिच्याकडे लॉकडाऊनमधल्या 36,276 बुकिंगचे 26 कोटी 25 लाखांहून जास्त रुपये अडकलेले होते. सुनावण्या होत गेल्या तसा आकडा उतरत गेला. 21 जून 2024 ला 4,837 बुकिंग आणि सुमारे 2 कोटी 52 लाख रुपये शिल्लक होते. 27 जून 2024 च्या आदेशात प्राधिकरणाने उरलेले पैसे परत करायला सांगितलं, आणि प्रवाशांना फोन करून रिफंडची माहिती द्यायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनमध्ये पाच माणसांची खास व्यवस्था करायला लावली.

म्हणजे निकाल लागल्यावरही पावणेचार वर्षांनी हजारो लोकांचे पैसे यायचे होते. पण त्याच कागदांवरून हेही दिसतं की बहुतेक पैसे परत आले ते लोकांनी तक्रारी नोंदवल्या म्हणून. ज्यांनी बुकिंगचा क्रमांक आणि ईमेल जपून ठेवले त्यांच्याकडे मागायला काहीतरी होतं.

कस्टमर केअरची परीक्षा आधी घ्या

'24 तास सेवा' सगळेच लिहितात. आम्ही सांगू ती परीक्षा अशी. तिकीट काढण्याआधी साइटच्या चॅटवर किंवा फोनवर एक खरा प्रश्न टाका. आपल्याकडे नावाचा प्रश्न हमखास असतो. पासपोर्टवर Shaikh आहे, आधारवर Shaikh आहे आणि मुलाने तिकिटावर Sheikh टाकलं, तर काय करायचं? किंवा पासपोर्टवर आडनावच नाही, एकच नाव आहे, तर आडनावाच्या रकान्यात काय भरायचं? माणूस नीट उत्तर देतो, लेखी देतो, की "तिकीट रद्द करून नवीन काढा" म्हणून मोकळा होतो, हे बघा. तिकीट थेट विमान कंपनीच्या वेबसाइटवरून काढलं असेल आणि स्पेलिंगची चूक बुकिंगपासून 24 तासांच्या आत दाखवली तर त्याच माणसाच्या नावाच्या दुरुस्तीला विमान कंपनीने पैसे घेऊ नयेत, असा डीजीसीएचा नियम आहे. ज्या साइटच्या माणसाला हे माहीत नाही, तो अडचणीच्या रात्री तुमच्या काय कामाचा?

दुसरी परीक्षा कागदाची. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक साइटने तक्रार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर द्यायचा असतो. त्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. साइटच्या तळाशी जाऊन Grievance Officer शोधा. पाच मिनिटं शोधूनही सापडला नाही तर त्या साइटवर पैसे टाकू नका.

आणि एक काम कधीही करू नका. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. रिफंड अडकलेला माणूस घाईत असतो, पहिला दिसलेला नंबर लावतो, आणि पलीकडून गोड आवाजात "रिफंडसाठी हे अॅप टाका, स्क्रीन शेअर करा, यूपीआय पिन टाका" सुरू होतं. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, तो जायलाच लागतो. नंबर फक्त साइटच्या आतला किंवा तिकिटाच्या ईमेलमधला वापरा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन करा, कारण पैसे पुढे सरकायच्या आत थांबवायचे असतात.

परभणीतूनच तक्रार

क्रम असा ठेवा. आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, त्यात पीएनआर, भरलेली रक्कम, मागितलेली रक्कम आणि तिन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट. फोनवर भांडलेलं कुठेच उमटत नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर नोंदवा. मराठीतही बोलता येतं. विमान कंपनीचा दोष असेल तर AirSewa पोर्टलवरही टाका.

तरीही पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. बऱ्याच साइटच्या अटींत लिहिलेलं असतं की वाद फक्त गुरुग्राम किंवा बंगळुरूच्या न्यायालयात चालेल, आणि ते वाचून लोक घाबरतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायचा अधिकार दिला आहे. म्हणजे जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेडच्या माणसाने परभणीच्या आयोगात यायचं, साइटने आपला वकील इथे पाठवायचा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि अर्ज e-Jagriti पोर्टलवरून घरी बसून भरता येतो. मुदत मात्र लक्षात ठेवा, कारण घडल्यापासून दोन वर्षं.